मौखिक इतिहास प्रकल्प: ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना पाठवायची ईमेल, कुठे अडखळताय ते सांगा

अवंती_म

आमच्या गटाचं मौखिक इतिहासाचं काम सुरू होतंय. मुलाखती स्वयंसेवक घेणार आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी आजवर रेकॉर्डर हातात धरलेला नाही. सगळ्या फायली माझ्याकडे गोळा होतील. पहिल्या फेरीआधी एक ईमेल पाठवायची आहे, तिचा मसुदा खाली देतेय. तुम्ही स्वयंसेवक असतात तर यातलं काय वाचून गोंधळला असतात आणि काय पाळलंच नसतं, ते मोकळेपणाने लिहा.

> नमस्कार,
>
> मुलाखतीला जाण्याआधी हे वाचा आणि जमल्यास छापून रेकॉर्डरच्या पिशवीत ठेवा.
>
> फाइलचं नाव. प्रत्येक फाइल याच साच्यात हवी:
>
> ```
> mi_n014_s02_2025-03-09_p01.wav
> ```
>
> `mi` म्हणजे आपला प्रकल्प, `n014` हा सांगणाऱ्या व्यक्तीचा नोंदवहीतला क्रमांक, `s02` म्हणजे त्यांच्यासोबतची दुसरी बैठक, मग तारीख, आणि `p01` म्हणजे त्या बैठकीचा पहिला भाग. अक्षरं लहान रोमन, मध्ये मोकळी जागा नाही. कुणाचं नाव घालू नका. `final`, `new` असले शब्दही नकोत.
>
> स्वरूप. वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. ऑटो लेव्हल बंद. मोठ्याने बोलल्यावर पातळी उणे १२ च्या आसपास यावी. एमपीथ्री नको.
>
> खोली. पंखा, टीव्ही, मोबाइल बंद. फ्रिजजवळ बसू नका. टाळी वाजवून पाहा, घुमली तर पडदे ओढा किंवा खोली बदला. माइक तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर. सुरुवातीला अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसत्या खोलीचा आवाज घ्या.
>
> फायली पोचल्याचं मी कळवेपर्यंत कार्ड पुसू नका.

पारावरचा

ईमेल नीट आहे, पण एमपीथ्रीवर एवढा राग का? ३२० वर ठेवलं तर माझ्या कानाला तरी काडीचा फरक कळत नाही. माणूस बोलतोय, मैफल थोडीच आहे. शिवाय फोन प्रत्येकाच्या खिशात असतो.

नचिकेत_७

दोन गोष्टी. तारीख नेहमी नावात सगळ्यात आधी हवी, तो नियमच आहे. आणि एमपीथ्री आलीच तर वेव्ह करून घ्या, एका मिनिटाचं काम. त्यासाठी स्वयंसेवकांना कशाला छळायचं?

ध्वनिवेडा

@पारावरचा, नुसतं ऐकण्यापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. ३२० ची एमपीथ्री आणि वेव्ह यांतलं बोलणं मलाही डोळे मिटून वेगळं ओळखता येणार नाही. पण ही फाइल एकदा ऐकून संपणार नाही. कुणीतरी तिच्यातली घरघर काढेल, कुणी प्रदर्शनासाठी तुकडा कापेल, कुणी त्या तुकड्याची पुन्हा एमपीथ्री करेल. प्रत्येक वेळी जतन करताना थोडं थोडं गळत जातं, आणि आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर आधीच गळलेल्या फाइलवर चालवलं की बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. मूळ पूर्ण असेल तर त्यापासून हवी तेवढी हलकी प्रत कधीही काढता येते. उलटं होत नाही.

म्हणून @नचिकेत, ते 'एका मिनिटाचं काम' करू नका. एमपीथ्रीची वेव्ह केली की फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही. वर ती मूळ असल्यासारखी दिसते, हे जास्त वाईट. ऑडॅसिटीत उघडून स्पेक्ट्रोग्राम पाहिला तर बहुतेकदा चोरी कळते. कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग पट्टीने कापल्यासारखा काळा पडलेला असतो.

तारखेचं म्हणाल तर नावात जे पहिलं, त्यानुसार यादी लागते, एवढाच मुद्दा. बातमीदाराला दिवसावार यादी हवी असते. इथे एकाच व्यक्तीच्या तीन बैठका एकाखाली एक दिसल्या तर जास्त उपयोग, म्हणून अवंतीताईंचा क्रम बरोबर आहे. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी आहे, हे मात्र सोडू नका. `09-03` हा मार्च की सप्टेंबर यावर दहा वर्षांनी भांडण होतं.

जुनी_कॅसेट

माझ्या वडिलांनी आजीचं बोलणं कॅसेटवर घेतलं होतं, चार-पाच कॅसेट आहेत. त्यांना हेच ४८ आणि २४ लावायचं का? आणि दोन्ही बाजू एका फाइलमध्ये की वेगळ्या?

ध्वनिवेडा

@जुनी_कॅसेट, आकडे तेच ठेवा, बाजू वेगळ्या ठेवा, आणि कॅसेटच्या कव्हरवर हाताने जे लिहिलंय त्याचा फोटो सोबत ठेवा. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच वाजवा. बाकी तो वेगळा विषय आहे. नवा धागा काढा, मी येतो.

सुलेखा_क

मी अशा मुलाखतींचं शब्दांकन करते, त्यामुळे माझी तक्रार एकाच ओळीबद्दल आहे: 'ऑटो लेव्हल बंद'. ही ओळ ठळक करा आणि कारण लिहा, नाहीतर ती कुणी पाळणार नाही. कारण ऑटो चालू ठेवलं की रेकॉर्डर आपली काळजी घेतोय असंच वाटतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. बाई बोलता बोलता थांबतात. आवाज नाही म्हणून रेकॉर्डर पातळी वाढवत नेतो. हेडफोनमध्ये पंख्याची घरघर वर वर चढते, लांबची गाडी खोलीत आल्यासारखी वाटते. मग बाई पुढचा शब्द उच्चारतात आणि तो वाढलेल्या पातळीवर आदळून फाटतो. लगेच पातळी खाली येते आणि बाकीचं वाक्य नीट ऐकू येतं. म्हणजे थांबून, विचार करून बोललेल्या वाक्याचा नेमका पहिला शब्द जातो. तो बहुतेकदा कुणाचं तरी नाव असतं, किंवा 'नाही' तरी. मी तिथे 'अस्पष्ट' असं लिहिते आणि मला त्याचा फार त्रास होतो, कारण तो शब्द त्या बाई स्वच्छ बोललेल्या असतात.

पारावरचा

हे पटलं. मग पातळी कमी ठेवली आणि आवाज बारीक आला तर?

ध्वनिवेडा

२४ बिट त्याचसाठी. बारीक आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फारसा खरखरत नाही. पातळी शून्याला टेकून फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. म्हणून उणे १२. माणूस हसला किंवा चिडला तरी वर जागा उरते. सुरुवातीला 'आज सकाळपासून काय काय केलंत' असं काहीतरी विचारा आणि ते बोलत असताना पातळी लावा. 'हॅलो, एक दोन तीन' म्हणताना कुणीच आपल्या नेहमीच्या आवाजात बोलत नाही.

मृण्मयी_जी

आमच्याकडे असंच काम झालंय. मी फायली तपासायचे, त्यातला एक प्रकार सांगते, ईमेलमध्ये तो नक्की घाला.

एका बैठकीची फाइल आली, नाव अगदी साच्याप्रमाणे, `mi` च्या जागी आमची अक्षरं, शेवटी `.wav`. सगळं बरोबर. बैठक ७२ मिनिटांची. आकार ६९ एमबी. मला नावात काही खोट दिसेना, पण आकडा खटकला. तुमच्या मापाने मोनो वेव्ह मिनिटाला साधारण साडेआठ एमबी खाते, म्हणजे ७२ मिनिटांचे सहाशेच्या आसपास व्हायला हवेत. ६९ म्हणजे मिनिटाला एक एमबीही नाही. तो दाबलेल्या फाइलचाच आकार. तपासलं:

```
ffprobe -hide_banner फाइलचं_नाव.wav
```

खऱ्या फाइलला इथे `pcm_s24le` दिसतं. हिला दिसलं `aac`. स्वयंसेविकेने फोनवर रेकॉर्ड केलं होतं, फाइल `.m4a` होती, आणि ईमेलमध्ये 'वेव्ह हवी' वाचून तिने शेवटची अक्षरं बदलून `.wav` केली. फसवायचा हेतू मुळीच नव्हता. फाइल वाजत होती, तिला वाटलं झालं काम.

आम्ही शेपूट पुन्हा `.m4a` केलं, नोंदवहीत 'फोनवर, मूळ स्वरूप हेच' असं लिहिलं आणि ती फाइल तशीच मूळ म्हणून ठेवली. मुलाखत उत्तम होती, टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता.

नचिकेत_७

ही कमांड प्रत्येक स्वयंसेवकाकडून चालवून घ्यायची? अवघड आहे.

मृण्मयी_जी

नाही हो. त्यांनी फक्त मिनिटं आणि आकार पाहायचा. तासाची फाइल पाचशे एमबीच्या आसपास असली तर पाठवा, शंभरच्या आत असली तर मला फोन करा, एवढं वाक्य पुरतं. कमांड तपासणाऱ्याने चालवायची.

बापूंचा_रेडिओ

मोनोचं काय करणार? माझ्या रेकॉर्डरला अंगचे दोन माइक आहेत आणि वेव्ह लावली की तो स्टिरिओच घेतो. मेनूत मोनो सापडत नाही.

ध्वनिवेडा

स्टिरिओच येऊ द्या, आकार दुप्पट धरा, मिनिटाला सतरा एमबी. घरी येऊन मोनो करत बसू नका, मुळाला हात लावायचा नाही. दोन कॉलर माइक असतील तर स्टिरिओ मुद्दाम वापरतात: एका बाजूला सांगणारे, दुसऱ्या बाजूला विचारणारे. शब्दांकन करणारीला त्याचा फायदाच.

एक मात्र लक्षात ठेवा. बरेच रेकॉर्डर फाइल २ जीबीला पोचली की आपोआप नवी सुरू करतात. स्टिरिओत ही मर्यादा दोन तासांच्या थोडं पुढे येते. दोन फायली दिसल्या तर घाबरू नका आणि जोडू नका. पहिली `p01`, दुसरी `p02`.

स्मिता_घरून

खोलीबद्दल कुणीच बोलेना. पंखा बंद हे लिहायला सोपं आहे. ऐंशीच्या पुढची व्यक्ती, उकाडा, बंद खिडक्या, दीड तास! मी तरी पंखा बंद करायला सांगणार नाही. आणि फ्रिजचा खटका बंद केला आणि आत त्यांची इन्शुलिन असली तर?

ध्वनिवेडा

@स्मिता_घरून, बरोबर बोललात. पंखा चालू ठेवा, पण सगळ्यात कमी वेगावर, आणि वारा थेट माइकवर येणार नाही असं बसा. माइकवर फोमची टोपी घाला. पंख्याचा आवाज एकसारखा असतो, त्यामुळे नंतर तो बराच खाली आणता येतो. शेजारच्या टीव्हीचं बोलणं तसं काढता येत नाही. तेव्हा निवड करायची वेळ आली तर पंखा परवडला, टीव्ही नाही.

यातच अर्ध्या मिनिटाच्या शांततेची गंमत आहे. ती घेताना पंखा ज्या वेगावर असेल त्याच वेगावर मुलाखतभर हवा. लोक शिस्तीत पंखा बंद करून अर्धा मिनिट शांतता घेतात आणि मग 'चला, आता लावू' म्हणतात. साफसफाईला नमुना हवा असतो तो पंख्याचा, आणि तोच त्यात नसतो.

फ्रिज विचारल्याशिवाय बंद करायचा नाही. दुसऱ्या खोलीत बसणं सगळ्यात बरं. बंद करायची परवानगी मिळालीच तर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची जुनी युक्ती वापरा: आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. मग तो पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही.

पारावरचा

किल्लीची युक्ती आवडली. मी बसने जातो, मी काय ठेवू? चष्मा?

स्मिता_घरून

चष्मा ठेवलात तर मेनूतलं 'मोनो' कसं दिसणार :)

खोली घुमत असेल आणि दुसरी खोलीच नसेल तर काय करायचं? सगळीकडे उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असते.

ध्वनिवेडा

आधी अंतर कमी करा, त्यासारखा स्वस्त उपाय नाही. माइक दोन हातांवरून एका हातावर आणला की बोलणं चांगलं ६ डेसिबलने वर येतं, खोलीचं घुमणं मात्र होतं तेवढंच राहतं. म्हणजे खोली न बदलता ती निम्मी झाल्यासारखी वाटते. ईमेलमधली 'वीत-दीड वीत' म्हणूनच महत्त्वाची. मग सांगणाऱ्या व्यक्तीच्या पाठीमागे काहीतरी जाड येऊ द्या: गोधडी, कपड्यांचं उघडं कपाट, भरलेली पुस्तकांची मांडणी. माइकचं तोंड त्या दिशेला असतं, त्यामुळे तिथून परतणारा आवाज सरळ आत येतो.

फोन किंवा रेकॉर्डर टेबलावर ठेवणार असाल तर खाली चौपदरी टॉवेल घाला. नाहीतर बांगडी टेकली, बोटं वाजली की तो ठोका माणसाच्या शब्दापेक्षा मोठा येतो.

अमोघ_द

नावांच्या फायद्याबद्दल माझं थोडं. हा साचा कशासाठी हे ईमेलमध्ये नाही. कारण साधं आहे: प्रत्येक रेकॉर्डर पहिल्या फाइलला `REC0001.WAV` म्हणतो आणि कार्ड फॉरमॅट केलं की बऱ्याच रेकॉर्डरांत पुन्हा एकपासून सुरुवात होते. दहा स्वयंसेवकांच्या दहा `REC0001.WAV` एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि 'बदलू का?' ला 'हो' म्हटलं की नऊ गेल्या. हे एक वाक्य लिहा, लोक नावं नीट देतील.

नाव कार्डावर बदलू नका. आधी प्रत काढा, प्रतीचं नाव बदला. आणि ते फाइल मॅनेजरमध्ये बदला. ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये उघडून नव्या नावाने जतन केली की आतली फाइल नव्याने लिहिली जाते, कधी तिथेच २४ चं १६ बिट होतं आणि कुणाला पत्ता लागत नाही.

तारीख रेकॉर्डरच्या घड्याळावरून घेऊ नका. बॅटरी काढून ठेवली की बऱ्याच रेकॉर्डरांचं घड्याळ मागे जातं.

वैदर्भी_लेक

मला रोमन अक्षरांची सक्ती खटकते. काम मराठी माणसांचं, बोलणं मराठी, आणि फाइलचं नाव `n014`? आजचे संगणक देवनागरी नावं सहज दाखवतात.

अमोघ_द

दाखवतात, शोधताना घोटाळा होतो. 'दुसऱ्या' मधला अर्धा र घ्या. तो एका पद्धतीत `U+0931` असा एका खुणेने साठवला जातो, दुसरीत `U+0930` आणि नुक्ता `U+093C` अशा दोन खुणांनी. काही कीबोर्ड तिसऱ्याच पद्धतीने टंकतात. डोळ्यांना तिन्ही सारखे दिसतात, संगणकाला ती वेगळी नावं असू शकतात. फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेली की 'सापडत नाही' असा निरोप येतो, आणि ती समोर दिसत असते. नोंदवही मात्र संपूर्ण मराठीत ठेवा, तिथे अडचण नाही.

वैदर्भी_लेक

कारण समजलं. मन मानत नाही, तरी फाइलच्या नावापुरतं सोडते. पण व्यक्तीचं नाव का नको? आमच्याकडच्या एका आजींना आपलं नाव लागावं हीच हौस होती.

मृण्मयी_जी

त्यांचं नाव नोंदवहीत, पुस्तिकेत, प्रदर्शनात लागेलच, संमतिपत्रात तसं लिहून घ्या. फाइलचं नाव वेगळं. ते प्रत्येक प्रतीत, प्रत्येक बॅकअपमध्ये, पाठवलेल्या प्रत्येक दुव्यात जातं. उद्या कुणी म्हणालं की माझं नाव झाका, तर नोंदवहीतली एक ओळ झाकता येते. दहा ठिकाणी गेलेली नावं परत बोलावता येत नाहीत.

सुलेखा_क

मग सुरुवातीला 'आज अमुक तारीख, माझ्यासमोर अमुक बसले आहेत' असं रेकॉर्डरवर बोलतात, त्याचं काय? तिथे नाव येतंच. मला ते हवं असतं, कारण फाइल नावापासून तुटली तरी आतून ओळख पटते.

मृण्मयी_जी

यावर आमच्यात एकमत झालं नाही. मी क्रमांकच बोलायला सांगायचे, दुसऱ्या गटाने नाव बोलायचं ठरवलं. क्रमांक बोलला की सुरुवात फार कोरडी होते, समोरची व्यक्ती जरा आकसते, हे खरं आहे.

अवंती_म

सगळ्यांचे आभार. मसुद्यात हे बदल करतेय. 'ऑटो लेव्हल बंद' सगळ्यात वर, सुलेखाताईंनी सांगितलेल्या फाटलेल्या शब्दासकट. मोनो जमलं तर मोनो, नाहीतर आहे तसं स्टिरिओ. नावाखाली `REC0001.WAV` चं कारण, आणि नाव प्रतीवरच बदलायचं. पाठवण्याआधी मिनिटं आणि आकार पडताळायचा, तासाला पाचशे एमबी, स्टिरिओ असेल तर हजार. फोनवर घेतलं तर शेपूट न बदलता तशीच पाठवायची. पंख्याच्या ओळीऐवजी 'कमी वेगावर चालेल, पण शांतता घेताना आणि मुलाखतीत वेग एकच ठेवा'. फ्रिज विचारूनच.

सुरुवातीला रेकॉर्डरवर नाव की क्रमांक, हे गटात विचारून ठरवेन.

आता नवीच अडचण. पहिल्याच बैठकीत पती-पत्नी एकत्र बसणार आहेत. `n014` आणि `n015`. फाइलला कोणाचा क्रमांक?

अमोघ_द

क्रमांक माणसाला न देता मुलाखतीला द्यायला हवा होता. `i031`, आणि त्यात कोण कोण होतं ते नोंदवहीत.

अवंती_म

तसं केलं तर एकाच व्यक्तीच्या तीन बैठका एकाखाली एक दिसणार नाहीत, आणि मला तर तेच हवंय.

ध्वनिवेडा

नोंदवही चाळून त्या सापडतील, पण रोज फोल्डर बघणाऱ्याला तुमचाच साचा सोयीचा, हे मान्य. या फेरीपुरतं लहान क्रमांक नावात ठेवा, म्हणजे `n014`, आणि `n015` च्या ओळीत 'ही बैठक १४ मध्ये पाहा' असं लिहा. दोन क्रमांक नावात कोंबू नका, तिसरी व्यक्ती आली की साचा मोडेल.

मृण्मयी_जी

आणि संमती दोघांची वेगवेगळी घ्या. एकाने नंतर काढून घेतली तर फाइल एकच, आवाज दोन, एकमेकांत गुंतलेले. आमच्याकडे असं झालं होतं तेव्हा ती अख्खी बैठक बंद ठेवावी लागली. दोघांना दोन कॉलर माइक लावले तर निदान आवाज दोन बाजूंना वेगळे राहतात, तरी एकाच्या माइकमध्ये दुसऱ्याचं थोडं येतंच.

अवंती_म

कॉलर माइक एकच आहे. दुसरा मिळतो का बघते, आणि संमतिपत्रं आज रात्रीच वेगळी छापते.